झोन कार्यालयाच्या संगणकांवरील सायबर हल्ला आणि कागदपत्रांची चोरी : नागरिकांसाठी निवेदन

इंदूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी

आपल्या झोन कार्यालयात अर्ज दिलेल्या सर्व नागरिकांना नमस्कार.

हे निवेदन कार्यालयाच्या फलकावर हिंदीत लावले आहे. आपल्या भागात मराठी घरे पुष्कळ आहेत आणि पेन्शनच्या खिडकीवर येणारी बरीचशी वडीलधारी मंडळी मराठीतच विचारपूस करतात, म्हणून तोच मजकूर मराठीतही देत आहोत. ज्यांची नजर अधू आहे त्यांना घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी तो वाचून दाखवावा, ही विनंती.

सोमवारी, ९ फेब्रुवारीला सकाळी कार्यालय उघडले तेव्हा पेन्शन शाखेच्या संगणकावर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली होती आणि समोर README.txt नावाची इंग्रजी चिठ्ठी होती : फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे द्या, नाहीतर कागदपत्रे बाजारात टाकू. शाखेच्या बाईंनी लगेच नेटवर्कची वायर काढली आणि शेजारच्या खोलीतले संगणकही नेटवर्कपासून तोडायला लावले. नामांतरण शाखेचे दोन संगणक त्यामुळेच वाचले.

आतापर्यंतच्या तपासात असे दिसते की शनिवारी मध्यरात्रीनंतर कोणीतरी बाहेरून पेन्शन शाखेच्या संगणकात शिरले. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला कार्यालयात न येता संगणक चालवता यावा म्हणून एक सोय चालू ठेवलेली होती. तिचा पासवर्ड सोपा होता आणि बरीच वर्षे बदललेला नव्हता. चोर त्याच वाटेने आला. आधी त्याने फाइलींच्या प्रती बाहेर नेल्या, मग इथल्या फाइलींना कुलूप घातले. ही वाट उघडी राहिली याची जबाबदारी कार्यालयाची आहे. ती आता बंद केली आहे आणि सर्व पासवर्ड बदलले आहेत.

काय गेले, हे स्पष्ट सांगतो. एप्रिलपासून पेन्शनसाठी आलेल्या २,१४० अर्जांचे स्कॅन त्या संगणकात होते. त्यात नाव, पत्ता, मोबाइल नंबर, समग्र आयडी, आधार कार्डाची प्रत आणि बँक पासबुकाचे पहिले पान आहे. सुमारे ६०० अर्जांवर सहीच्या जागी अंगठा आहे. हे सगळे चोराच्या हाती लागले आहे असेच धरून चाला.

मालमत्ता कराचा ऑनलाइन भरणा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी या संगणकात नव्हत्या, त्यामुळे त्यांना धक्का लागलेला नाही. बँकेचा पिन किंवा एटीएम कार्डाचा नंबर आम्ही कधी मागतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, विशेषतः अंगठा लावणाऱ्यांसाठी. किऑस्कवर आधार नंबर, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. तिथे ओटीपी येत नाही. कागदावरच्या अंगठ्यावरून नकली ठसा बनवून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. म्हणून ज्यांच्या अर्जावर अंगठा आहे त्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घ्यावे. हे myaadhaar.uidai.gov.in वर किंवा एमआधार अ‍ॅपवर विनामूल्य होते. मात्र आधारला मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो.

एक गोष्ट लॉक करण्याआधीच समजून घ्या. लॉक असताना तुमचा स्वतःचा अंगठाही चालणार नाही. रेशन दुकानात किंवा किऑस्कवर जाण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते. घरातल्या मुलाला, सुनेला किंवा नातवाला हे आधी शिकवून ठेवा, नाहीतर म्हातारे माणूस उन्हात रांगेत उभे राहील आणि रिकाम्या हाताने परतेल. घरी करणारे कोणी नसेल तर खिडकी क्रमांक ४ वर या. आधार कार्ड आणि जोडलेल्या नंबरचा मोबाइल सोबत आणा. आमचा कर्मचारी तुमच्यासमोर बसून लॉक करून देईल. ओटीपी मात्र तुम्ही स्वतः टाकायचा, तो आमच्या कर्मचाऱ्यालाही सांगायचा नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी वॉर्डाचा कर्मचारी येईल, पण तो येण्याच्या आदल्या दिवशी पेन्शन शाखेच्या बाई स्वतः तुमच्याशी फोनवर बोलतील. असा फोन न येता कोणी दारात उभे राहिले तर त्याला आत घेऊ नका.

येत्या दिवसांत फोनही येतील. समोरचा माणूस तुमचे पूर्ण नाव, पत्ता, वडिलांचे नाव, सगळे बरोबर सांगेल आणि म्हणेल, “झोन कार्यालयातून बोलतोय, तुमची पेन्शन अडकली आहे, ओटीपी सांगा.” माहिती बरोबर सांगितली म्हणून तो आमचा माणूस ठरत नाही. आम्ही फोनवर ओटीपी मागणार नाही, लिंक पाठवणार नाही, अ‍ॅप टाकायला सांगणार नाही. या चोरीबद्दल कसलीही नुकसानभरपाई फोनवरून दिली जाणार नाही.

पैसे गेलेच तर वाट पाहू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता जास्त. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. लाजेपोटी कोणी घरात सांगत नाही आणि दोन दिवस निघून जातात, असे कृपया होऊ देऊ नका. फसवला गेलेला माणूस दोषी नसतो.

कार्यालयाने काय केले? सोमवारी दुपारी २ वाजता सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवले. अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. त्याच दिवशी पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार दिली. बाधित संगणक जसाच्या तसा तपासासाठी ठेवला आहे. खंडणी दिलेली नाही आणि देणार नाही. पैसे दिल्यावर चोर त्याच्याकडच्या प्रती पुसून टाकेल याची खात्री कोण देणार? तुम्हाला कळवायला गुरुवार उजाडला, कारण नेमके कोणते फोल्डर बाहेर गेले हे बुधवारी संध्याकाळी स्पष्ट झाले.

३० जानेवारीपर्यंतच्या फाइलींची प्रत लोखंडी कपाटात वेगळ्या डिस्कवर होती, ती सुरक्षित आहे. संगणकाला कायम जोडून ठेवलेली दुसरी डिस्क मात्र कुलूपबंद झाली. त्यामुळे २ ते ६ फेब्रुवारीच्या आठवड्यात दिलेले पेन्शनचे अर्ज संगणकात उरलेले नाहीत. त्या आठवड्याची पावती असलेल्यांनी ती घेऊन यावे. आवक नोंदवही कागदावर असल्याने तुमची मूळ तारीखच धरली जाईल, शुल्क लागणार नाही. ज्यांची पावती हरवली असेल त्यांनीही यावे, नाव नोंदवहीत शोधून देऊ. सध्या नवे अर्ज हाताने लिहून घेत आहोत. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असा हल्ला झाला तेव्हा तिथेही बरेच दिवस काम कागदावर चालले होते. आपल्याकडे खिडकीवर नेहमीपेक्षा वेळ लागेल, पण अर्ज परत पाठवला जाणार नाही. चालू पेन्शन वरच्या पातळीवरून थेट खात्यात जमा होते, ती या घटनेमुळे थांबणार नाही.

बाधित २,१४० जणांची यादी फलकावर लावणार नाही, कारण तीच चोरांच्या उपयोगी पडेल. आपले नाव त्यात आहे का, हे खिडकी क्रमांक ४ वर समग्र आयडी दाखवून विचारता येईल. वेळ सकाळी १०.३० ते संध्याकाळी ५. शनिवार-रविवारी सुट्टी असली तरी १४ आणि १५ फेब्रुवारीला ही एक खिडकी उघडी राहील.

तपासातली पुढची माहिती शुक्रवारी, २० फेब्रुवारीला याच फलकावर हिंदी आणि मराठीत लावू. त्या दिवसापर्यंत नवे काही हाती लागले नाही, तर तसेही लिहू.

कार्यालय अधीक्षक
झोन कार्यालय, इंदूर