अण्णा, समोर बोलता आलं नाही म्हणून लिहितोय

अण्णा, नमस्कार.

तुमच्यासमोर बसलो की तोंडातून माफीचा शब्द फुटत नाही. काकूंनाही हे वाचून दाखवा.

परवा तुमच्या द्राक्षबागेतला शेवटचा माल गेला. आमच्या बांधालगतच्या ओळींत क्रेट भरत नव्हते, ते मी उसात उभा राहून बघत होतो. काडी चांगली जाड, पण वांझ. हे माझ्यामुळे झालं. गेल्या मे महिन्यात भर दुपारी, वारा तुमच्या बागेकडे वाहत असताना मी उसात टू-फोर-डी मारलं. तुमच्या खरड छाटणीनंतरचे ते 40 ते 60 दिवस, डोळ्यात घड तयार व्हायचे. द्राक्षाला हे तणनाशक नुसत्या वाऱ्यावरूनही बाधतं, हे मला माहीत होतं. तुमच्या बागेलगत ते मारायलाच नको होतं.

त्याहून मोठा गुन्हा पुढचा. शेंडे वाकडे झाले, पानं पंख्यासारखी आखडली, तेव्हा तुम्ही मला बोलावून विचारलंत, "हा व्हायरस असेल का रे?" आणि मी मान डोलावली. तुम्ही पदरचे पैसे घालून औषधं मारत राहिलात आणि मी बघत राहिलो. याची माफी मागायला मला शब्द पुरत नाहीत, अण्णा. मला मनापासून माफ करा.

शेवटी खरं सांगितलं त्या संध्याकाळी तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग एवढंच म्हणालात, "आधी सांगितलं असतंस तर औषधाचा खर्च तरी वाचला असता." वस्तीवरची माणसं पंचनामा करा, तक्रार द्या म्हणत होती. तुम्ही त्यांना "आमचं आम्ही बघू" म्हणून वाटेला लावलंत. सामाईक विहिरीवरची माझी पाण्याची पाळी तुम्ही एकदाही अडवली नाहीत, उलट लाइट रात्री आली की तुम्हीच फोन करून उठवायचात. आईला आजवर एका शब्दानं बोलला नाहीत. अण्णा, त्या उन्हाळ्यात तुम्ही पाठ फिरवली असती तर मला गावात मान वर करून फिरता आलं नसतं. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही.

तणनाशकाचा पंप आता वेगळा ठेवलाय, त्यानं दुसरं काहीच फवारत नाही. तुमच्या बांधाकडच्या पट्ट्यात खुरपणीच करतो, तिथे तणनाशक नेत नाही.

नुकसानीचे पैसे तुम्ही दोनदा परत केलेत, म्हणून आता पैशांचं काढत नाही. पण या एप्रिलच्या खरड छाटणीची मजुरी माझ्याकडे राहू द्या. टोळीशी बोलून ठेवलंय, तुम्ही फक्त तारीख सांगा. याला नाही म्हणू नका.

तुमचा,
बाळू