मामा, गाडीच्या पुस्तकातल्या पानाचं मराठी

मामा, दोन्ही फोटो मिळाले. पहिला हललाय. दुसरा बरा आलाय, पण उजव्या कोपऱ्यावर तुमचा अंगठा आहे आणि त्याखालची एक ओळ झाकली गेलीय. शेजारच्या चित्रावरून ती दार नीट न लागल्याची वाटते. बाकी पान मराठीत उतरवलंय. अवतरणात आहे ते पुस्तकातलं, त्याच्यापुढचं माझं.

सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: «इशारा देणारे दिवे आणि माहिती देणारे दिवे». हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ओळख रंगावरून. लाल लागला तर गाडी बाजूला घ्यायची. पिवळा लागला तर गाडी चालेल, पण दुर्लक्ष करायचं नाही. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढंच. एकही अक्षर वाचलं नाही तरी रंग पाहिला की अर्धं काम झालं.

«चावी ON वर फिरवल्यावर इशाऱ्याचे दिवे काही सेकंद लागतात. ही दिव्यांची स्वतःची तपासणी आहे. एखादा दिवा लागलाच नाही किंवा इंजिन सुरू झाल्यावरही विझला नाही, तर अधिकृत विक्रेत्याकडे दाखवा.»

आज द्वारकेवरून गाडी आणताना हे बघायचं राहिलं असेल, तर उद्या निघण्याआधी बघा. चावी फक्त ON करा, इंजिन चालू करू नका, आणि मोबाईलवर छोटा व्हिडिओ घ्या. परत देताना «हा दिवा तुमच्याकडेच लागला» असं कोणी म्हणू नये.

हा «अधिकृत विक्रेता» पानावर सात वेळा आलाय. आपल्यासाठी त्याचा अर्थ करारनाम्यावरचा गाडीमालकाचा नंबर. गाडी भाड्याची आहे. वणीच्या रस्त्यावर कुणी ओळखीचा मेकॅनिक भेटला, तरी मालकाला विचारल्याशिवाय बॉनेटखाली हात घालू देऊ नका. आणि काही नावांपुढे चांदणी आहे, तळाशी तिचा अर्थ दिलाय: «असल्यास». म्हणजे तो दिवा महागड्या मॉडेलमध्येच असतो. तुमच्या गाडीत दिसला नाही तर घाबरू नका.

आता लाल दिवे.

तेलाची झारी, खाली थेंब: «इंजिन ऑइलचा दाब कमी. सुरक्षित जागी ताबडतोब थांबा, इंजिन बंद करा.» इथे «दाब» शब्द महत्त्वाचा. तुमच्या जीपसारखं ऑइल थोडं उतरलं म्हणून हा लागत नाही. लागला म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतच नाहीये. «पुढच्या गावापर्यंत नेऊ» करायचं नाही, इंजिन बसेल.

लाटांमध्ये थर्मामीटर: «कूलंट जास्त तापलं आहे. गाडी थांबवा. तापलेलं असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका, वाफेने भाजेल.» नांदुरीहून गडाचा घाट चढताना माणसं भरलेली आणि एसी चालू असेल, तर हा लागू शकतो. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. हेच चित्र निळं दिसलं तर उलट, इंजिन अजून थंड आहे. दिंडोरीला पहाटे निळं दिसणारच. गरम होईपर्यंत जोरात पळवू नका.

वर्तुळात उद्गारचिन्ह: «हॅन्डब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑइल कमी आहे.» हॅन्डब्रेक पूर्ण सोडूनही विझला नाही, तर निघूच नका. गडावरून उतरताना ब्रेकवर प्रयोग नकोत.

बॅटरी: «चार्जिंग यंत्रणेत बिघाड.» लोक याला «बॅटरी गेली» म्हणतात. बहुतेक वेळा बॅटरी ठीक असते, डायनामो किंवा त्याचा पट्टा गेलेला असतो. गाडी थोडी चालेल, पण एकदा बंद केली की परत चालू होईलच असं नाही.

बसलेला माणूस आणि समोर गोळा: «एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड.» हा दिवा कायम असेल तर ही गाडी घेऊच नका, दुसरी मागा. पट्टा लावलेला माणूस म्हणजे सीटबेल्ट. आजीला मागे बसूनही लावायला सांगा.

पिवळ्यांमध्ये तुम्हाला रोज दिसेल ती वेटोळ्याची खूण. «ग्लो प्लग गरम होत आहेत. दिवा विझल्यावर इंजिन सुरू करा.» डिझेल गाडी आहे आणि सध्याची थंडी तुम्ही बघताच आहात. चावी ON, दिवा विझेपर्यंत थांबा, मग चालू करा. थेट फिरवलीत तर घरघर करत बसेल.

इंजिनच्या आकाराचा दिवा: «उत्सर्जन नियंत्रण किंवा इंजिन यंत्रणेत बिघाड.» स्थिर असेल तर सावकाश चालवा आणि मालकाला फोन करा. लुकलुकत असेल तर वेग लगेच कमी करा, बाजूला घ्या आणि तिथूनच विचारा.

ABS: «चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा काम करत नाही. नेहमीचे ब्रेक काम करतात.» दुसरं वाक्य नीट वाचा, म्हणजे धसका बसणार नाही. मात्र ABS आणि लाल ब्रेकचा दिवा एकदम लागले तर थांबायचं.

नळीत पाण्याचे थेंब असं चित्र: «डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचलं आहे.» कुठे बॅरलमधलं डिझेल मिळालं तरी घेऊ नका, पंपावरूनच भरा.

घसरणारी गाडी लुकलुकली तर यंत्रणा तुम्हाला सावरते आहे, बिघाड नाही. त्याखाली OFF लिहिलेलं दिसलं, तर कुणीतरी बटण दाबून ती बंद केली आहे, पुन्हा दाबा. घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह, पुढे चांदणी: «टायरमध्ये हवा कमी.»

हिरवे-निळे सांगत बसत नाही. फक्त निळा म्हणजे अप्पर. समोरून गाडी आली की डिप्पर द्या.

पानाच्या खालच्या भागात बटणांची नावं आहेत. TRIP A आणि TRIP B म्हणजे प्रवासाचे दोन वेगळे मीटर. A आत्ताच शून्यावर आणा, किलोमीटरवर भाडं आहे. ODO म्हणजे गाडी आजवर किती चालली. तो आकडा करारनाम्यावरच्या आकड्याशी जुळवा. DTE म्हणजे शिल्लक डिझेलमध्ये अंदाजे किती किलोमीटर जाईल. घाटात तो आकडा झपाझप उतरतो, त्यावर फार विसंबू नका. पंख्यासारख्या काचेवर वर जाणाऱ्या तीन वाकड्या रेषा म्हणजे पुढची काच साफ करणारी हवा. पहाटे सगळे आत बसलात की काचेवर वाफ धरेल, तेव्हा ती आणि एसी दोन्ही लावा. चौकोनी काच म्हणजे मागची.

ताशी 80 च्या वर गेलात की टुंग-टुंग वाजेल. तो बिघाड नाही. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. मामी ओरडतातच, आता गाडीही ओरडेल.

डिझेलच्या काट्याजवळ पंपाचं चित्र आहे, त्याच्या बाजूला छोटा बाण असतो. बाण ज्या बाजूला, टाकीचं झाकण त्या बाजूला. पंपावर शिरण्याआधी बघा.

वाटेत काही झालं तर हायवेवर 1033, रुग्णवाहिकेला 108. अंगठा बाजूला घेऊन त्या ओळीचा फोटो उद्या निघण्याआधी पाठवा, मी पाचला उठलेली असेन.

तुमची भाची