नगरधनची पेटी

मी इतवारीत चावीवाल्याकडे काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट आहे. दुकान म्हणजे काय तर एक लाकडी टपरी, समोर कोऱ्या चाव्यांचे झुपके लटकलेले आणि फळीला ठोकलेला एक शिकंजा, तोही उजव्या हातवाल्याच्या सोयीनं. आणि मी डावखुरा. उस्ताद दिवसातून दहादा ओरडायचे, "सरळ हातानं कानस चालव ना बे, उलटा घासशीन तं चावी बी उलटीच होईन." दोन वर्षं हेच ऐकलं.

नवतपा सुरू होता. दुपारी एक जीप आली, रामटेकजवळच्या नगरधन किल्ल्यात बुरुजाचा ढिगारा काढताना मजुरांना लोखंडी पेटी सापडली म्हणे, आणि वरून ऑर्डर की गॅस कटर लावायचा नाही, एक ओरखडा पण पडायला नको. उस्तादांनी थैली भरली, मला म्हणाले चाल, डोक्याला दुपट्टा बांधला आणि कामठी, कन्हान करत निघालो.

पेटी तीनेक फूट लांब, आडव्याउभ्या पट्ट्या, जागोजागी रिव्हेट. पुढे मोठं नक्षीदार चावीचं भोक आणि त्याच्यावर लाखेचं सील, अर्धं झडलेलं. तहसीलचे एक साहेब, कारकून, व्हिडिओ काढणारा पोरगा आणि अर्धं गाव तिथे. सोनं निघणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

साहेबांनी सीलचे फोटो काढून ते सोडवायला लावलं. उस्तादांनी भोकात तार घातली, बोटभर आत गेली आणि खट्टकन पत्र्याला लागली. परत घातली, परत तेच. मी बाजूने वाकून बघत होतो. भोकाच्या कडा कोऱ्या होत्या हो! वापरातल्या कुलपाची कड चावीनं घासून घासून गोल होते, ही तर काल कापल्यासारखी.

"उस्ताद, हे भोक खोटं आहे."

"मंग खरं कुठं आहे ते सांग ना, भैताडा."

झाकणावर हात फिरवत गेलो. सगळे रिव्हेट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले, मधल्या एकाभोवती मात्र केसाएवढी फट. थोडं डिझेल सोडलं, अर्धा तास थांबलो आणि अंगठ्याने रेटलं तर तो डावीकडे सरकला. खाली खरं भोक.

आता चावी. मेणबत्तीवर कोरी चावी धरायची, काजळी बसली की आत घालून हलकेच फिरवायची, आतली पट्टी जिथे अडते तिथे काजळी निघून चकाकतं, तेवढंच कानसायचं, परत काजळी, परत आत. आणि ती चकाकी म्हणजे सुईच्या टोकाएवढी, उस्तादांच्या डोळ्यात मोतीबिंदू. दोनदा बघितलं त्यांनी, मग कानस माझ्या हातात दिली.

मी घाबरून उजव्या हातानं सुरू केलं आणि पहिलीच चावी वाया गेली. उस्ताद उठले, मडक्याकडे गेले, तिकडूनच म्हणाले, "मी नाही पाहून राहिलो तुह्याकडं."

मग डाव्या हातानं केलं. तीन तास लागले. शेवटी चावी फिरली तेव्हा झाकणातले आठही खटके चारी बाजूंनी एकदम मागे सरकले, तो आवाज ऐकून मागची गर्दी एक पाऊल पुढे आली.

आत काळं पडलेलं तेलकट फडकं. फडक्यात चाव्या. मोजल्या तर 41, लहान-मोठ्या, सगळ्या लोखंडी. बस. ज्या दारांच्या होत्या ती दारं तर किल्ल्यात उरलीच नाहीत.

"चाव्याच?" साहेब म्हणाले. गाव पाच मिनिटांत पांगलं. कारकून बिचारा पंचनामा घेऊन अडलेला, कारण 1878 चा निखात निधी कायदा म्हणतो दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवा. "किंमत काय लिहू?"

उस्ताद ऐकतच नव्हते. साहेबांना विचारून त्यांनी एक चावी उचलली, भिंग लावलं, उन्हात धरून कितीतरी वेळ फिरवत बसले. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. नंतर भिंग माझ्याकडे सरकवलं.

"पाय बरं, कानसेच्या रेघा कुणीकडं झुकल्या?"

बघितलं. माझ्या चावीवर झुकतात तिकडेच झुकल्या होत्या. सगळ्यांवर.

उस्ताद काही बोलले नाहीत. जीपमध्ये कन्हानच्या पुलापर्यंत गप्प, मग एकदम स्वतःशीच हसले, "डावऱ्या होता बे तो."

दुसऱ्या दिवशी मी नऊला दुकान उघडायला गेलो तर टपरी आधीच उघडी. उस्ताद खाली बसून घामाघूम, स्क्रू तोंडात धरलेले, आणि शिकंजा फळीच्या दुसऱ्या टोकाला ठोकत होते.