उपवासाच्या भाजणीत धन्याचा वास

आषाढी आठवड्यावर आली आहे आणि उपवासाच्या भाजणीच्या ऑर्डरी सुरू झाल्या आहेत. यंदा ऑर्डर घेण्याआधी एक गोष्ट सांगून टाकायची आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्याच दुकानात घडलेली.

एका ग्राहकांचा फोन आला. ते नौपाड्यातले की घोडबंदरचे, दादा की ताई, कुठल्या उपवासाला पीठ नेलं होतं, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. लगेच लिहिलं असतं तर त्या आठवड्यात कोण चिडून दुकानात आलं होतं यावरून आसपासच्यांनी अंदाज बांधला असता, म्हणून इतके दिवस थांबलेही. मजकूर आधी त्यांना वाचायला दिला. त्यांनी एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं.

तक्रार अशी होती की थालीपीठ तव्यावर टाकलं आणि धन्याचा वास आला.

ज्यांच्या घरी उपवासाला धने चालत नाहीत त्यांना यापुढे काही सांगायला नको. रोजच्या भाजणीत आम्ही ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि वर भाजलेले धने-जिरे घालतो. उपवासाच्या भाजणीत वरी, राजगिरा, साबुदाणा आणि शिंगाडा, बाकी काही नाही. तिथे धने आले कुठून?

माझं पहिलं उत्तर मला आठवतं आणि ते चांगलं नव्हतं. मी म्हणाले, "आमच्याकडे असं होत नाही हो. जातं झाडूनच दळतो." दुकान चालवणारा प्रत्येक माणूस हे वाक्य न विचार करता बोलतो. समोरून आवाज चढला नाही. एवढंच ऐकू आलं की तुम्ही स्वतः तव्यावर टाकून बघा.

प्रत्येक दळणातलं मूठभर पीठ आम्ही बरणीत ठेवतो. त्या दिवसाची बरणी उघडली, नाकाशी धरली. काहीच नाही, राजगिऱ्याचा नेहमीचा मातकट वास. दोन बोटांवर घेऊन चाखलं, तरी काही कळेना. मग घरी जाऊन चमचाभर पीठ कोरड्या तव्यावर टाकलं. सासूबाई आत पूजेला बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "अगं, आज एकादशी ना? धने कशाला भाजतेस?"

पीठ गार असताना धने लपून बसतात आणि तापले की बोलायला लागतात. ग्राहकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून सगळी उघडली. दगड खरोखरच स्वच्छ होते, ब्रश मारलेला होता, वरचं तोंडही झाडलेलं होतं. पीठ जिथून डब्यात पडतं त्या तोंडाला कापडाची लांब नळी बांधलेली असते, पीठ उडू नये म्हणून. ती सोडवून कागदावर झटकली. शिवणीच्या घडीतून पिवळसर पीठ पडत राहिलं, वाटीभर तरी. रोजच्या भाजणीचं, धन्यासकट. उपवासाचं दळण त्या नळीतून खाली येताना हे थोडं थोडं बरोबर घेऊन येत होतं. आम्ही इतकी वर्षं जातं झाडत होतो आणि नळीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्या दिवशी गिरणीवर कोण होतं असं विचारू नका. नळी धुवायची हे मीच कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तर चूक माझी.

त्या दळणाची एकूण २३ पाकिटं गेली होती. वहीत नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले, पैसे किंवा नवीन पीठ देऊ म्हणून सांगितलं. दोघा-तिघांनी "आम्हाला धने चालतात" म्हणून हसून फोन ठेवला. चार पाकिटं रोखीत गेलेली होती, त्यांचा पत्ता लागला नाही. ती नेणारं कोणी हे वाचत असेल तर दुकानात या, पाकीट नसलं तरी चालेल.

ज्यांनी तक्रार केली त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचं एकच वाक्य त्यांच्या परवानगीने देते: "पिठाचे पैसे द्याल, उपवासाचे कसे देणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळी सापडल्यावर तिचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी विचारलं की पुढचं दळण कधी आहे. ते पीठ त्यांनी नेलं. थालीपीठ कसं झालं ते कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता उपवासाचं दळण आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सकाळी, गिरणीचं त्या दिवसाचं पहिलं काम म्हणून. त्याची कापडी नळी वेगळी आहे, लाल दोऱ्याने शिवलेली, आणि ती दुसऱ्या कुठल्याही दळणाला लागत नाही. दगड झाडल्यावर आधी दीड किलो वरी दळून बाजूला काढतो. उरलंसुरलं तिच्याबरोबर निघून जातं आणि ते पीठ रोजच्या भाजणीत वापरतो. दर बरणीतलं चमचाभर पीठ पाकिटं भरण्याआधी तव्यावर टाकून बघतो. हे काम सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतलं आहे. या सगळ्यामुळे पाव किलोमागे ५ रुपये वाढवलेत, तेही आत्ताच सांगते, काउंटरवर वाद नको.

अजून एक, आणि हे उपवासापेक्षा महत्त्वाचं आहे. नळी झटकल्यावर लक्षात आलं की धन्याबरोबर गहूही जात होता. काही घरी गहू पचत नाही म्हणून उपवासाची भाजणी बारमाही नेतात. त्यांनी कृपया समजून घ्या, गिरणी एकच आहे आणि तिच्यात गहू दळला जातो. पाकिटावर आता तसं ठळक छापलं आहे. 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द आम्ही वापरत नाही. तो लिहायचा तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. वेगळ्या नळीने आणि दीड किलो वरीने तेवढं साधतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला असेल तर आमचं पीठ नेऊ नका. विक्री गेली तर जाऊ दे.

ज्यांनी तो फोन केला ते कोण, हे तुमच्यापैकी एखाद्याला माहीत असेलही. ठाणं तसं लहानच आहे. कृपया खाली नाव लिहू नका, "मला कळलं कोण" असंही नको. तशी कमेंट दिसली की मी काढून टाकणार आहे, रागावू नका.

आषाढीच्या ऑर्डरी बुधवारी संध्याकाळी सातपर्यंत घेऊ. वरी आणि राजगिरा वाशीच्या दाणाबंदरातून आला आहे, निवडून झाला आहे. गुरुवारी सकाळी सातला दळण सुरू होईल. लाल दोऱ्याची नळी कोणाला बघायची असेल तर त्याआधी या. एकदा गिरणी चालू झाली की तिथे कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही.