एस्टरीकरणाने ब्यूटिल ॲसिटेट: जादा अल्कोहोल आणि पाणी काढण्याचा समतोलावरील परिणाम

(सेंद्रिय रसायनशास्त्र प्रात्यक्षिक अहवाल, तृतीय वर्ष बी.एस्सी., मुंबई)

उद्देश

ॲसेटिक आम्ल आणि एन-ब्यूटेनॉल यांच्या उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियेत एस्टरचे प्रमाण वाढवण्याचे दोन मार्ग तपासणे.

CH₃COOH + C₄H₉OH ⇌ CH₃COOC₄H₉ + H₂O

कृती

तिन्ही फ्लास्कमध्ये 0.20 मोल (12.0 ग्रॅम) ॲसेटिक आम्ल आणि उत्प्रेरक म्हणून संहत सल्फ्युरिक आम्लाचे 4 थेंब घेतले. 'अ' आणि 'क' मध्ये ब्यूटेनॉल 0.20 मोल, 'ब' मध्ये 0.60 मोल. 'अ' व 'ब' साधा रिफ्लक्स. 'क' वर डीन-स्टार्क सापळा. अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेल्या दोन नमुन्यांचे अनुमापन सारखे आले की समतोल आला असे धरले. 'क' मध्ये सापळ्यातले पाणी वाढायचे थांबेपर्यंत तापवले. नमुने बर्फात थंड करून सोडियम हायड्रॉक्साइडने लगेच अनुमापित केले, उत्प्रेरकाचा वाटा वजा केला आणि सापळ्यातल्या पाण्यात गेलेले आम्लही मोजून न बदललेल्या आम्लात धरले.

निरीक्षणे

आम्लाचे रूपांतर: अ 65%, ब 88%, क 93%. 'क' च्या सापळ्यात 3.3 मिली खालचा थर जमला.

चर्चा

दोन्ही बाजूंना दोन-दोन मोल असल्याने आकारमान छेदून जाते आणि मोलसंख्या थेट वापरता येते. 'अ' वरून K = (0.65)²/(0.35)² ≈ 3.4. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी 1862 मध्ये इथेनॉल व ॲसेटिक आम्ल घेऊन दाखवले होते की सारख्या मोलांपासून सुरुवात केली तर सुमारे दोन-तृतीयांश रूपांतरावर अभिक्रिया थांबते. आमचा आकडा त्याच्या जवळचा आहे.

'ब' मध्ये K वाढत नाही, हे नीट मांडायला हवे. तापमान तेच असेल तर K तोच. जादा ब्यूटेनॉलने भागाकाराचा छेद मोठा होतो, म्हणून सुरुवातीचा Q हा K पेक्षा लहान पडतो, आणि Q पुन्हा K इतका होईपर्यंत आम्ल एस्टरमध्ये बदलत राहते. x²/[(1−x)(3−x)] = 3.4 सोडवल्यास x = 0.89 येतो; आम्हाला 0.88 मिळाला. त्यावरून उलट K काढला तर 3.0 येतो, म्हणजे रूपांतरातल्या एका टक्क्याच्या फरकाने K इतका हलतो. शिवाय ब्यूटेनॉलने भरलेले मिश्रण आदर्श नसते, त्यामुळे मोलसंख्येवरून काढलेला K तंतोतंत स्थिर राहील अशी अपेक्षाही धरू नये.

मात्र या मार्गाचा फायदा झपाट्याने घटतो. याच K ने 5:1 प्रमाणाला 94% आणि 10:1 ला 97% येते. 5:1 मध्ये सुमारे 22 ग्रॅम एस्टरसोबत जवळपास 60 ग्रॅम न वापरलेले ब्यूटेनॉल उरेल. त्याचा उत्कलनांक 118°C, एस्टरचा 126°C. साध्या ऊर्ध्वपातनाने दोघे स्वच्छ वेगळे होणार नाहीत.

'क' मध्ये अंशच लहान ठेवला जातो. पाणी, ब्यूटेनॉल आणि एस्टर यांचे स्थिरक्वाथी मिश्रण सुमारे 91°C ला उकळते, सापळ्यात दोन थर होतात, वरचा सेंद्रिय थर फ्लास्कमध्ये परततो आणि पाणी खाली अडकते. इथेनॉल घेतले असते तर ते पाण्यात पूर्ण मिसळले असते आणि हा सापळा अशा साध्या रूपात चालला नसता. फ्लास्कमध्ये पाणी किती उरले असेल? K = 3.4 धरून 93% रूपांतराला उरलेले पाणी 3.6 मिलिमोल, म्हणजे जेमतेम 64 मिलिग्रॅम. तयार झालेल्या सुमारे 3.35 ग्रॅम पाण्यातले बाकी सगळे बाहेर गेले. सापळ्यातल्या थरात थोडे ब्यूटेनॉलही विरघळलेले असते, म्हणून निष्कर्ष 3.3 मिलीवर न बेतता अनुमापनावर बेतला आहे.

इतक्या कमी पाण्यावर समतोल अवलंबून असताना बाहेरून येणारा ओलावाही हिशेबात येतो. मुंबईच्या दमट हवेमुळे 'क' च्या कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची नळी लावली होती आणि काचसामान ओव्हनमध्ये सुकवले होते.

सल्फ्युरिक आम्लामुळे पुढची आणि उलटी अशा दोन्ही अभिक्रिया सारख्याच वेगवान होतात. समतोल लवकर येतो, त्याची जागा बदलत नाही. जास्त प्रमाणात घेतले तर ते पाणी धरून ठेवते, पण 4 थेंबांचा तसा परिणाम नगण्य आहे.

पुढच्या तयारीसाठी आम्ही दोन्ही मार्ग एकत्र वापरू: ब्यूटेनॉल 1.2:1 आणि डीन-स्टार्क. तेवढेच 64 मिलिग्रॅम पाणी फ्लास्कमध्ये उरले, तरी गणिताने रूपांतर सुमारे 98% येते आणि वेगळे काढायचे ब्यूटेनॉल केवळ 3 ते 4 ग्रॅम राहते.