फराळाचं तीन दिवसांचं प्लॅनिंग (शुक्र, शनि, रवि)

आई, वहिनी, सोनल, फराळाचं ठरवून टाकलंय, वाचा आणि काही बदलायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा कारण परवा किराणा येतोय. सोमवारी वसुबारस आहे, म्हणजे रविवारी रात्री गॅस बंद आणि डबे भरलेले पाहिजेत.

तळायला वेळ लागतोच पण आपला खरा वेळ जातो तो थांबण्यात, बेसन गार होईपर्यंत थांबा, करंजीचं पीठ भिजेपर्यंत थांबा, आणि तळणीची मोठी कढई एकच. म्हणून किती पदार्थ आहेत ते न बघता कढई कधी मोकळी आहे आणि घरात हात किती आहेत ते बघून लावलंय.

शुक्रवारी मी आणि वहिनी दोघी सातनंतरच घरी, त्यामुळे त्या दिवशी तळण अजिबात नाही, फक्त भाजायचं. आई, दिवसा तुम्ही बसल्या बसल्या होईल तेवढंच करा, सुकं खोबरं किसणं, वेलची सोलणं, आणि पातळ पोहे चाळून उन्हात टाकणं. पिठीसाखर मी आल्यावर मिक्सरला लावते. रात्री एका गॅसवर १ किलो बेसन अर्धा किलो तुपात, मंद आचेवर दोन घाण्यांत, साधारण पाऊण ते एक तास धरा, घाई केली की वरून लाल आणि आत कच्चं राहतं. दुसऱ्या गॅसवर वहिनी तुम्ही सारणाचा रवा आणि खोबरं वेगवेगळं भाजा, मग पोहे. बेसन रात्रभर झाकून ठेवायचं, गरम असताना साखर घातली की मिश्रण सैल होतं आणि लाडू बसतात.

शनिवार सगळ्यात जड आहे. सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम करंजीचा रवा-मैदा मोहन घालून दुधात भिजवणं, चहा नंतर. मग शंकरपाळ्याचं दूध तूप साखर, प्रत्येकी एक वाटी, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करत ठेवायचं. हे दोन्ही आपापलं होत असताना बेसनात साडेसातशे ग्रॅम पिठीसाखर घालून लाडू वळून होतात. जेवणाआधी शंकरपाळे तळून संपवायचे, मंद आचेवरच, नाहीतर मऊ पडतात.

करंज्या दुपारी कारण सोनल तू तेव्हा येतेस आणि करंजीला माणसं लागतातच, एक लाटायला, एक भरायला, एक कातायला, एक कढईपाशी. दोघींनी करायला गेलं तर संध्याकाळ जाते. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि दहा-बारा झाल्या की लगेच तळायच्या, सगळ्या भरून मग तळू असं नको, वाळून कडा सुटतात आणि सारण तेलात. साट्याच्या करंज्या यंदा नको, प्लीज. आणि सारण सुक्या खोबऱ्याचंच, ओल्या नारळाचं चार दिवस पण राहत नाही.

गोड सगळं शनिवारी मुद्दाम घेतलंय, ताज्या तेलात. तिखट आधी केलं तर शंकरपाळ्याला चकलीचा वास.

रविवारी सकाळी शेव, ती पटकन होते. मग चकली. भाजणी गुरुवारीच गिरणीतून दळून आणायची, हे काम भाऊजींचं, वहिनी तुम्ही आठवण करा. १ किलो भाजणी एकदम भिजवायची नाही, अर्धी अर्धी, पीठ जास्त वेळ राहिलं की चकली तुटायला लागते. पहिली एकच तळून बघायची, तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा, कडक झाली तर मोहन कमी. सोऱ्या फिरवायला पण भाऊजीच, माझा खांदा नाही चालत.

चकली कढईत असतानाच दुसऱ्या गॅसवर मोठ्या पातेल्यात चिवड्याची फोडणी, दाणे डाळं खोबऱ्याचे काप सगळं त्यातच परतायचं, पोहे शुक्रवारचे भाजलेले आहेत म्हणून अर्ध्या तासात होतो. कढीपत्ता आदल्या रात्री धुवून पुसून ठेवा, ओला टाकला तर तेल उडतं वर चिवडा पण मऊ.

अनारसे काढून टाकलेत. आई रागावू नका, तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, मग दळून गुळात मुरवायचं, हे या तीन दिवसांत बसतच नाही. हवेच असतील तर तयार पीठ आणू आणि रविवारी शेवटी छोट्या कढईत थोडे तुपात करू, पण चिवडा झाल्यावर अंगात जोर असेल तरच.

डब्यात काहीही कोमट भरायचं नाही, वाफ धरते. शनिवारचं रात्री भरा, रविवारचं झोपायच्या आधी, तोपर्यंत पेपरवर पसरून. सोनल येताना तुझा मोठा झारा आणि दोन स्टीलचे डबे आण, आणि तुझ्या घरी काय किती न्यायचंय ते आत्ताच सांग म्हणजे बेसन त्या हिशोबाने मागवते.