सौ. मनीषा गांगुर्डे यांच्या कामाविषयी शिफारसपत्र

पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक
दिनांक : १७ जून २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
शेतकरी उत्पादक कंपनी, तासगाव, जि. सांगली

विषय : सौ. मनीषा गांगुर्डे, माजी गुणवत्ता पर्यवेक्षक

सप्रेम नमस्कार.

मनीषाताईंना नोकरी सोडताना आम्ही इंग्रजीत पत्र दिले होते. संचालक मंडळातील सर्वांना ते वाचता यावे म्हणून आपण मराठीतून मागितलेत. त्यातला मजकूर येथे देत आहे. आपण फोनवर विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरेही यातच आहेत.

मनीषाताई डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये पॅकिंग टेबलावर हंगामी कामाला आल्या. पुढच्या हंगामात त्या लाइन सुपरवायझर झाल्या आणि २०२१ पासून एप्रिल २०२४ पर्यंत गुणवत्ता पर्यवेक्षक होत्या. यजमानांची बदली सांगलीला झाल्यामुळे त्यांनी काम सोडले. दुसरे कोणतेही कारण नव्हते. हा सगळा काळ त्यांनी माझ्या हाताखाली काम केले.

युरोपला जाणारा माल त्यांच्या नजरेखालून जायचा. ग्रेपनेटवरचा प्लॉट नोंदणी क्रमांक आणि रेसिड्यू रिपोर्ट जुळल्याशिवाय त्या गाडीतून क्रेट उतरवू देत नसत, मग बागाईतदार कितीही ओळखीचा असो. मण्याची साइज आणि ब्रिक्स त्या स्वतः मोजत. माल तोडल्यापासून प्रीकूलिंगला लागेपर्यंत किती वेळ गेला, याची नोंद त्यांनी लॉटप्रमाणे ठेवायला सुरुवात केली. आधी आमच्याकडे ती दिवसाची एकत्र ठेवली जायची. परदेशातून एखाद्या पॅलेटबद्दल तक्रार आली की माल कोणत्या बागेतला आणि कुठे रेंगाळला, हे आता लगेच सापडते. ती वही आजही त्यांनी आखून दिली तशीच चालू आहे.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यावरून माणूस कळेल. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, त्यानंतर दोन दिवसांनी एका बागेतला माल आला. वरून घड स्वच्छ दिसत होते. कंटेनर भरायची घाई होती आणि मीही माल घ्यावा अशाच मताचा होतो. मनीषाताईंनी बागाईतदारासमोर चार क्रेटमधले घड उलटे धरून देठाजवळचे मणी दाखवले. त्यांना बारीक तडे गेले होते. असा एक मणी पाझरला की बॉक्समध्ये सल्फरचा पॅड असूनही जहाजाच्या प्रवासात बुरशी धरते. त्यांनी तो लॉट निर्यातीतून काढला आणि स्थानिक बाजारात लगेच जाईल अशी व्यवस्था होईपर्यंत रात्री उशिरापर्यंत थांबल्या. आवाज चढवला नाही, की बागाईतदाराला कमीपणा येईल असे काही बोलल्या नाहीत. तेच बागाईतदार पुढच्या वर्षी तोडणीच्या आधी त्यांना बाग दाखवायला घेऊन गेले.

टेबलावरच्या बायकांशी त्यांचे चांगले जमायचे. नवीन बाईला त्या शेजारी उभे करून कात्री कशी धरायची, मण्यावरची लव न पुसता घड कसा हाताळायचा, हे शिकवत. त्यांच्या लाइनवरच्या बऱ्याच जणी दरवर्षी परत येत. आमच्या भागात हंगामी मजूर टिकवणे किती अवघड आहे, ते आपण जाणताच.

आता आपले प्रश्न. संपूर्ण पॅकहाऊस त्या एकट्या सांभाळू शकतील का? गुणवत्ता, पॅकिंग आणि मजूर हा भाग त्या निश्चित सांभाळतील. खरेदीचे दर ठरवण्याचे काम आमच्याकडे त्यांच्याकडे कधी नव्हते, त्यामुळे त्याविषयी मत देणे योग्य होणार नाही. दुसरे, बेदाण्याच्या कामाचा त्यांना अनुभव नाही. आमचे काम फक्त ताज्या द्राक्षांचे आहे.

कमतरता म्हणाल तर दोन. इंग्रजीतला ईमेल त्यांना नीट समजतो, पण उत्तर लिहायला मदत लागते. आणि ऐन हंगामात कामे वाटून देण्याऐवजी त्या स्वतःवर ओढून घेतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना एक सहायक दिली, त्यानंतर यात बराच फरक पडला. आपणही सुरुवातीपासून एक मदतनीस दिलात तर काम सोपे जाईल.

त्यांना इथे राहणे शक्य असते, तर मी त्यांना सोडले नसते. गुणवत्ता पर्यवेक्षक या पदासाठी मी त्यांची मनापासून शिफारस करतो.

आणखी काही विचारायचे असल्यास पत्राच्या शिरावरील क्रमांकावर दुपारी चारनंतर फोन करावा. सध्या छाटणीनंतरच्या बागांच्या भेटी चालू असल्याने सकाळी मी बाहेर असतो.

आपला,
विलास कदम
व्यवस्थापक, पॅकहाऊस विभाग